कोजागरीची मैफल: आमच्या गच्चीवरच्या एका रात्रीचा हिशोब

सांगलीत आमचं शाकाहारी-मांसाहारी फॅमिली रेस्टॉरंट आहे. खाली ६० आसनांचा हॉल, वर गच्चीवर ७२. १६ ऑक्टोबर २०२४च्या कोजागरीला गच्चीवर नाट्यगीतांची मैफल, ठरलेला मेनू आणि मसाला दूध असा बेत आखला. तयारीपासून हिशोबापर्यंतच्या नोंदी इथे देतोय. आकडे आमच्या वहीतले आहेत. तुमच्या गावात दर वेगळे असतील, पण मांडणी उपयोगी पडेल.

१८ सप्टेंबर, बुधवार

आज पितृपक्ष लागला. दुपारी हॉलमध्ये तीनच टेबलं होती. अशा रिकाम्या दुपारी धाकट्या भावाने कोजागरीचा विषय काढला. त्याचं म्हणणं, लोक दूध प्यायला सोसायटीच्या गच्चीवर जमतातच, मग आपल्या गच्चीवर का नाही?

मला पटलं ते दुसऱ्या कारणाने. यंदा कोजागरी बुधवारी आहे. शनिवार-रविवारी आमची टेबलं तशीही भरतात. त्या दिवशी गाणं ठेवलं तर माणसं वाढत नाहीत, उलट बसलेली उठत नाहीत आणि दारात थांबलेली निघून जातात. गाणं ठेवायचं ते रिकाम्या वारी.

२२ सप्टेंबर, रविवार

आजचं काम म्हणजे साधा बुधवार किती माणसांचा, हे काढणं. त्याशिवाय ‘जादा’ माणसं किती आली, हे कशावरून ठरवणार?

वाटलं होतं तेवढं हे सोपं नव्हतं. ऑगस्टभर श्रावण, मग गणपती, मग पितृपक्ष, पुढे नवरात्र. यातला एकही बुधवार साधा नाही. मागच्या वर्षीची कोजागरी २८ ऑक्टोबरला शनिवारी होती आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं, म्हणून ती रात्रही बाद. १७ जुलैला आषाढी एकादशी होती, तो बुधवार बाद. जुलैअखेर कृष्णेचं पाणी चढलेलं, तेव्हा लोक घरातच होते. शेवटी जूनचे चार आणि जुलैचे पहिले दोन असे सहा बुधवार धरले. रात्रीची माणसं ६३, ५८, ६६, ६१, ५५, ६३. सरासरी ६१.

आमचं माणशी बिल कर सोडून साधारण ४२० रुपये होतं. त्यातून माल, गॅस आणि माणसागणिक वाढणारा बाकी खर्च वजा केला की २५२ उरतात. पगार, भाडं, वीज धरलेली नाही, कारण ती मैफल असो नसो, जातेच. म्हणजे साधा बुधवार आम्हाला १५,३७२ रुपये देतो. मैफलीने आधी एवढे भरून काढायचे आणि मग स्वतःचा खर्च.

भावाने केलेलं पहिलं अंदाजपत्रक असं: गायिका आणि तीन साथीदार १८,०००, मोठी साऊंड सिस्टीम ७,०००, स्टेज आणि लाइट ४,५००, गादी-लोड-फुलं २,३००, जाहिरात ४,५००, जादा पोरं २,८००. एकूण ३९,१००. नेहमीच्या मेनूवर २५२ रुपयांनी हे भरून काढायचं तर १५६ जादा माणसं हवीत. गच्चीवर स्टेजची जागा सोडून ६८ खुर्च्या बसतात. वही मिटली.

२३ सप्टेंबर, सोमवार

वही पुन्हा उघडली. दोन बदल केले.

पहिला, गच्चीवर नेहमीचा मेनू नाही. ठरलेलं शाकाहारी ताट, ७५० रुपये अधिक जीएसटी. भडंग, कोथिंबीर वडी, बटाटेवडा, मटारभात, पुरी, कुर्मा, कोशिंबीर आणि शेवटी मसाला दूध. ताटाचा माल दुधासकट २३५ आणि बाकी ४० धरले, माणशी ४७५ उरतात. खालचा हॉल नेहमीसारखा चालेल.

दुसरा, खर्चाला कात्री. साथीला फक्त पेटी आणि तबला, तिघांचे मिळून १४,०००. गच्चीपुरते दोन स्पीकर आणि मिक्सर ३,५००. स्टेजऐवजी आमचाच लाकडी दिवाण, त्याला लाइट, गादी, फुलं १,९००. जाहिरात २,६००. तीन जादा पोरं २,१००. एकूण २४,१००.

नवी मांडणी: गच्ची पूर्ण भरली तर ३२,३००. हॉलमध्ये त्या रात्री ४५ माणसं धरली, त्यांचे ११,३४०. त्यातून साधा बुधवार वजा केला की २८,२६८, आणि खर्च वजा जाता ४,१६८ शिल्लक. जादा माणसं ५२. भाऊ म्हणाला, “दादा, एवढ्या खटपटीला चार हजार?” मी म्हटलं, पहिल्यांदा बरोबरीत सुटलो तरी चालेल, पण गच्ची भरलीच पाहिजे. एक टेबल रिकामं राहिलं की १,९०० गेले.

दोन पाळ्या करायचा विचारही झाला. सात ते साडेआठ एक, नंतर दुसरी. तो सोडला, कारण कोजागरीला आलेला माणूस चंद्र वर आल्याशिवाय उठणार नाही. त्या रात्री टेबल एकदाच विकलं जातं, हे धरूनच किंमत लावायची.

२६ सप्टेंबर, गुरुवार

मिरजेच्या गायिका ताईंकडे जाऊन आलो. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव आणि आमच्यापासून अर्ध्या तासाच्या आत, त्यामुळे मुक्कामाचा खर्च नाही. ताईंनी होकार दिला. नवरात्रात त्यांची एकही तारीख मोकळी नव्हती, पण कोजागरीचा बुधवार मोकळा होता. ५,००० आगाऊ दिले आणि वेळ, तास, रक्कम, पाऊस आला तर काय, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या.

भावगीतं ठेवायची इच्छा होती. पण हॉटेलात पैसे देणाऱ्या लोकांसमोर गाणं झालं की ते सार्वजनिक सादरीकरण ठरतं, आणि हक्क शाबूत असलेल्या गाण्यांना आधी परवाना घ्यावा लागतो. गायक स्वतः गातोय म्हणून तो चुकत नाही. ताईंनीच मार्ग काढला. लेखक-कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ला गेले, गोविंद बल्लाळ देवल १९१६ला. त्यांच्या पदांना ही अडचण नाही, संतांच्या अभंगांनाही नाही; मात्र अभंगाची चाल पारंपरिकच घ्यायची, कुणा अलीकडच्या संगीतकाराने बांधलेली नाही. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीत देवलांची पदं ऐकायला माणसं येतील याची मला खात्री होती. देवल आमच्या शेजारच्या हरिपूरचेच.

परतताना पोलीस ठाण्यात ध्वनिक्षेपकाचा अर्ज दिला. माझी योजना होती की दहाला माइक बंद करायचा आणि पुढे बारापर्यंत नुसत्या पेटी-तबल्यावर गाणं. तिथल्या हवालदारांनी नियम दाखवला. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्या जागेत लाउडस्पीकर तर नाहीच, वाद्यंही वाजवता येत नाहीत. बंदिस्त हॉलची गोष्ट वेगळी. काही ठरावीक दिवसांना जिल्हा प्रशासन बारापर्यंत सूट देतं, त्यात कोजागरी नव्हती.

मोठा फरक पडला. बारा वाजता दूध आणि सोबत गाणं, हे चित्र गेलं. नवी वेळ: पावणेआठला सुरुवात, मध्यंतरात जेवण, ९:५० ला भैरवी, दहाला दूध. पुढे चंद्र आणि गप्पा.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. नोंदणी उघडली. माणशी ३०० आगाऊ, यूपीआयवर, बिलातून वजा. वेगळं तिकीट लावलं नाही; लोकांना आपण जेवणाचे पैसे देतोय असं वाटलं पाहिजे.

जाहिरातीचे २,६०० असे वाटले: दोन फलक ९००, टेबलावर ठेवायची कार्डं ५००, इन्स्टाग्राम-फेसबुकवर १,२००. शिवाय गेल्या दोन वर्षांत पार्सल आणि बुकिंगसाठी ज्यांनी नंबर दिले होते, त्या साधारण ११०० लोकांना व्हॉट्सॲप. पहिला संदेश भावाने लिहिला. त्यात चंद्राचं वर्णन होतं, पण किंमत नव्हती. दिवसभरात ४० जणांनी ‘किती?’ विचारलं आणि उत्तर मिळाल्यावर फक्त चौघांनी पैसे भरले. संध्याकाळी दुसरा संदेश गेला: तारीख, वेळ, काय गाणार, ताटात काय, किती रुपये, कुठे भरायचे.

७ ऑक्टोबर, सोमवार

दुसऱ्या संदेशानंतर दोन दिवसांत २२ जागा गेल्या, आता ४१. ऑनलाइन जाहिरातीने ‘लाइक’ भरपूर दिले, बरेचसे कोल्हापूर आणि पुण्याहून. परिघ ठरवताना भावाने आख्खा विभाग निवडला होता. बदलून १५ किलोमीटर केला, तोवर ८०० रुपये खर्च झालेले.

टेबलावरची कार्डं मात्र चांगली चाललीत. नवरात्रात उपवासाची थाळी खायला आलेली मंडळी वाट बघताना ती वाचतात आणि तिथेच कॅप्टनला विचारतात.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दुधाची चाचणी. आठ लिटर म्हशीचं दूध पाऊण होईपर्यंत आटवलं. पाऊण तास लागला. मोठ्या पातेल्यात २४ लिटर एकदम आटवायचं म्हटलं तर दोन तासांवर जाईल आणि तळाशी लागेल, म्हणून दोन पातेली आणि भाड्याची दुसरी शेगडी ठरवली, ४०० रुपये. जायफळ जास्त झालं होतं, निम्मं केलं. २४ लिटरचे १८ होतात, १५० मिलीचे १२० पेले. दूध, साखर, बदाम, पिस्ते, चारोळी, केशर मिळून ३,८४०, म्हणजे पेल्याला ३२ रुपये. सांगलीचे बेदाणे घालायचा मोह आवरला. गरम दुधात टाकले की आंबटपणाने दूध फाटायची भीती असते.

१४ ऑक्टोबर, सोमवार

ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी हातात आली.

संध्याकाळी स्पीकर लावून बघितले. ते स्टेजच्या दोन्ही बाजूंना, तोंड प्रेक्षकांकडे. बरोबर वाटत होतं, पण प्रेक्षकांच्या मागे वीस फुटांवर एक अपार्टमेंट आहे. मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे जाऊन त्यांच्या बाल्कनीत उभा राहिलो, तर शब्द न् शब्द ऐकू येत होता. स्टेजच उलट बाजूला नेलं, आता स्पीकरचं तोंड रस्त्याकडे. आवाज निम्म्यावर आणल्यावरही शेवटच्या टेबलापर्यंत पोचला. काकूंना चार पेले दूध कबूल करून आलो. या अर्ध्या तासाने त्या रात्रीची एक तक्रार नक्की वाचवली.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

६८ पैकी ६८ जागा गेल्या.

दुपारी विधानसभा निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. याचा आपल्याशी काय संबंध, असं वाटत होतं. संबंध होता. दीपप्रज्वलनाला आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांना बोलावलेलं. त्यांना फोन केला, त्यांनीही समजून घेतलं. आता ताईंच्या जुन्या गुरुजींच्या हस्ते दिवा लागेल. रात्री चौकातले फलक उतरवले गेले, त्यात आमचे दोन्ही गेले. चूक आमची. फलकवाल्याने परवानगी न घेता खांबाला बांधले होते आणि मी ते तपासलं नव्हतं.

१६ ऑक्टोबर, बुधवार (रात्री १ वाजता लिहितोय)

गाणं फार सुंदर झालं. पहिल्या पदाला शेजारच्या अपार्टमेंटमधली मंडळी खुर्च्या घेऊन बाल्कनीत आली. ढग येत-जात होते, पण दहाच्या सुमारास चंद्र स्वच्छ दिसला. दूध वाटायला सुरुवात झाली तेव्हा गच्चीवर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एका आजोबांनी शेवटचं पद शेवटपर्यंत हळू आवाजात म्हटलं. लोक साडेअकरापर्यंत बसून होते.

आता जे बिघडलं ते.

मुलांचा दर ठरवलाच नव्हता. नऊ लहान मुलं आली आणि बिलाच्या वेळी पालकांनी रास्त प्रश्न केला: सहा वर्षांचं पोर ७५०चं ताट कसं खाणार? तिथल्या तिथे ४०० केले.

दुसरं, जास्त महागात पडलेलं. मध्यंतर ८:४० ला झालं आणि ६८ ताटं एकाच वेळी मागितली गेली. भात, कुर्मा, कोशिंबीर तयार होती. अडकल्या त्या पुऱ्या. ताटाला चार म्हणजे पावणेतीनशे पुऱ्या आणि कढई एक. आचारी मामा दोन दिवसांपासून म्हणत होते, “पुरी काढा, दशमी ठेवा, ती आधी होते.” मी ऐकलं नाही, कारण कार्डावर पुरी छापली होती. वर पुऱ्या पोचवण्यासाठी मामांनी तंदूर आणि चुलीवरची माणसंही कढईभोवती लावली, आणि खालच्या हॉलची ऑर्डर चाळीस मिनिटं थांबली. दोन टेबलं न जेवता उठून गेली. तीन कुटुंबं दारातली पार्किंगची गर्दी बघूनच वळली. हॉलमध्ये ४५ धरले होते, ३३ जेवले. यातले बरेच दर बुधवारचे गिऱ्हाईक, हे मला जास्त लागलं.

मध्यंतर पंचवीस मिनिटांचं ठरलं होतं, पंचेचाळीस झालं. ताईंनी दोन पदं गाळली आणि ९:५२ ला भैरवी संपवली. त्यांनी वेळ सांभाळली नसती तर मी परवानगीबाहेर गेलो असतो.

२० ऑक्टोबर, रविवार

हिशोब पुरा झाला. गच्चीवर ५९ मोठे, प्रत्येकी ४७५, म्हणजे २८,०२५. नऊ मुलांचं ताट लहान, त्यामुळे ४०० मधले २५० उरले, एकूण २,२५०. हॉलचे ३३ जण, ८,३१६. बेरीज ३८,५९१. साधा बुधवार वजा जाता २३,२१९. खर्च २४,१००च्या जागी २५,९०० झाला: कलाकारांना आणायची-सोडायची गाडी ७००, चौथा पोरगा ७००, शेगडी ४००.

तोटा २,६८१ रुपये. जादा माणसं ५२ ऐवजी ४०.

गल्ला मोजताना भावाला फायदाच वाटत होता, कारण बिलं नेहमीच्या बुधवारच्या जवळजवळ अडीचपट होती. साधा बुधवार वजा केला नसता तर मीही तेच धरून चाललो असतो. ठरलेल्या ४,१६८ वरून इथवर कसे आलो तेही उलगडतं: हॉलमधली १२ माणसं कमी, ३,०२४. मुलांच्या दरात २,०२५. वाढलेला खर्च १,८००. म्हणजे सगळ्यात मोठं भोक गच्चीवर नव्हतंच, खालच्या हॉलमध्ये होतं.

जागा कशामुळे गेल्या हे नोंदणी करताना प्रत्येकाला विचारलं होतं. व्हॉट्सॲप ३७, टेबलावरचं कार्ड १९, ऑनलाइन जाहिरात ५, कुणीतरी सांगितलं म्हणून ५, फलक २. पाचशे रुपयांच्या कार्डांनी १९ आणले, बाराशेच्या जाहिरातीने पाच.

१३ नोव्हेंबर, बुधवार

महिना होत आला. त्या रात्रीच्या नंबरांपैकी ११ कुटुंबं पुन्हा येऊन गेली. हे हिशोबात धरत नाही, कारण त्यातली सात आधीपासून येणारीच आहेत.

परवा १५ तारखेला त्रिपुरी पौर्णिमा आहे आणि तिघांनी फोन करून विचारलं. नाही म्हटलं. ती शुक्रवारी येते आणि शुक्रवारी आमच्याकडे शंभरावर माणसं असतात.

त्याऐवजी मार्गशीर्षातला गुरुवार, १२ डिसेंबर. या गुरुवारी घरोघरी लक्ष्मीची पूजा असते, मांसाहार बंद. गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षातल्या गुरुवारी रात्रीची सरासरी ३८ माणसांची होती. मैफल खालच्या हॉलमध्ये, दारं लावून, म्हणजे पावसाचा प्रश्न नाही. गच्ची बंद, त्यामुळे स्वयंपाकघरावर एकच ताण. साठ ताटं, मोठ्यांना ८५०, दहा वर्षांखालच्यांना ५००, दर कार्डावर छापलेले. पुरीच्या जागी दशमी. ऑनलाइन जाहिरात नाही, कार्डं दुप्पट. ताईंना आज आगाऊ पोचवले, आणि या खेपेला मेनू छापायला देण्याआधी मामांना दाखवला. त्यांनी कोथिंबीर वडीही काढायला लावली, तीही तळायचीच असते.